ओळीचा पत्ता

पेण आणि रोहा या पट्ट्यात वाचनालयाच्या दारात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात एक फळा हमखास दिसतो. दर सोमवारी कुणीतरी तो पुसतो, त्यावर संतांची एखादी ओळ सुवाच्य अक्षरात लिहितो आणि खाली उजवीकडे आडवी रेघ ओढून नाव घालतो : संत तुकाराम, समर्थ रामदास, संत बहिणाबाई. ओळ आलेली असते दिनदर्शिकेच्या पानावरून, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रावरून किंवा शाळेतल्या आठवणीतून. नावही त्याच वाटेने येते. ओळ वाचणारे पुष्कळ असतात, नाव तपासणारा क्वचित. हे प्रकरण त्या रेघेपुढच्या नावाबद्दल आहे.

हे काम पेणकरांना परके नाही. विनोबा भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. 1923 साली त्यांनी वर्ध्याहून 'महाराष्ट्र धर्म' हे मासिक काढले. पुढे ते साप्ताहिक झाले आणि त्यात विनोबा तुकोबांच्या अभंगांवर लिहीत. ते लेखन 'संतांचा प्रसाद' या नावाने पुस्तकरूपात आले. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ यांच्या भजनांच्याही निवडी त्यांनी केल्या. म्हणजे संतवाणीतून वेचून दर आठवड्याला लोकांपुढे ठेवण्याचे काम आपल्याच तालुक्यातल्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी केलेले आहे. त्यात फळा लिहिणाऱ्याने एक गोष्ट पाहावी. विनोबा ओळ निवडत नव्हते, अख्खे भजन निवडत होते. फळ्यावर जागा दोन-तीन ओळींचीच असते, त्यामुळे आपल्याला तोडून घ्यावेच लागते. पण कुठून तोडले आणि तोडताना काय मागे राहिले, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

मागे राहिलेल्या भागाने काय घडते, याचा एक नमुना तपशिलात पाहू. वाळू रगडली तर तिच्यातूनही तेल निघेल, अशा अर्थाची एक ओळ महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेच्या भिंतीवर कधी ना कधी लिहिली गेली आहे. परीक्षेच्या हंगामात ती हटकून येते. खाली कधी रामदासांचे नाव असते, कधी तुकोबांचे, कधी नुसतेच 'संतवचन'. ही ओळ फळ्यावर घ्यायची आहे असे धरू आणि तपासायला बसू.

पहिली तपासणी पुस्तकाशिवाय होते, बोटांवर. ओळीतली अक्षरे मोजायची. जोडाक्षर एकच धरायचे. या ओळीत 17 अक्षरे भरतात. तुकोबांचा नेहमीचा मोठा अभंग सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चार चरणांचा असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. गाताना एखादे अक्षर कमीजास्त होते, पण 17 अक्षरांचा अखंड चरण या साच्यात बसत नाही. मग ओळ मोठ्याने म्हणायची. पहिले अक्षर लघू, नंतर पाच गुरू, तिथे क्षणभर थांबा आणि पुढे सलग पाच लघू अक्षरांची धाव. ही चाल शिखरिणी वृत्ताची आहे. शाळेत ज्यांनी वृत्ते घोकली आहेत त्यांच्या कानाला ती लगेच कळते. ज्यांनी घोकली नाहीत त्यांनी मनाच्या श्लोकाशेजारी ती म्हणून पाहावी. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, चरणाला 12 अक्षरे आणि एका लघूमागे दोन गुरू असा सारखा झोका. दोन्हींमधला फरक ऐकताक्षणीच जाणवतो.

वृत्ताने काय सिद्ध झाले? ही ओळ गाथेतल्या नेहमीच्या अभंगांपैकी नाही, ती ओवी नाही, म्हणून ज्ञानेश्वरीतली किंवा दासबोधातली नाही, आणि ती मनाच्या श्लोकांतलीही नाही. रामदासांनी इतर गणवृत्तांतही रचना केली असल्यामुळे त्यांचे नाव एवढ्याने पूर्ण बाद होत नाही. पण शोधाची जागा बरीच आवळली गेली.

दुसरी तपासणी अर्थाची. वाळूतून तेल ही प्रतिमा मराठीत जन्मलेली नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकात ती आहे, आणि नीतिशतकाचे मराठी श्लोकांत रूपांतर केले ते सतराव्या शतकातल्या वामनपंडितांनी. आता पुस्तक उघडायचे, आणि तिथे ओळ सापडते : वामनपंडितांच्या एका श्लोकाचा पहिला चरण. मूळ संस्कृत श्लोक पृथ्वी वृत्तात आहे. त्याच्याही चरणाला 17 अक्षरेच आहेत, पण चाल वेगळी. वामनपंडितांनी मराठीत शिखरिणी घेतला.

आणि श्लोक पुढे वाचला की फळ्यावरच्या ओळीचा अर्थच फिरतो. पहिल्या चरणात वाळूतून तेल आहे, दुसऱ्यात मृगजळाने तहान भागते आहे, तिसऱ्यात रानात हिंडता हिंडता सशाचे शिंग सापडते आहे. चौथ्या चरणात कवी म्हणतो की हे सगळे अशक्य एकवेळ घडेल, पण मूर्खाचे मन वळवता येणार नाही. म्हणजे श्लोक प्रयत्नाच्या महतीचा नाहीच. वाळूतून तेल हे तिथे अशक्याचे उदाहरण आहे, आणि त्याहूनही अशक्य काय ते सांगण्यासाठी आणलेले आहे. पहिला चरण तोडून घेतला तर राहते प्रयत्नाची स्तुती. चारही चरण एकत्र ठेवले तर दिसते प्रयत्नाची मर्यादा. दहावीच्या मुलांना धीर द्यायला लिहिलेली ओळ मुळात हट्टी मूर्खापुढे हात टेकणारी आहे.

फळा लिहिणाऱ्याचा निर्णय यातूनच निघतो. वामनपंडित पंडित कवी. संतवचनांच्या फलकावर त्यांची ओळ संताच्या नावाने येऊ नये. सुभाषितांचा वेगळा आठवडा ठेवायचा असेल तर जरूर घ्यावी, पण पूर्ण श्लोक, आणि खाली 'वामनपंडित, भर्तृहरीच्या नीतिशतकावरून' असे लिहून. माझ्या मते नुसता पहिला चरण कुणाच्याही नावाने लिहू नये, अगदी वामनपंडितांच्याही नाही. नाव बरोबर आणि अर्थ उलटा, ही चूक पकडायला सर्वांत अवघड असते.

भर्तृहरीच्या श्लोकांचीही अशीच छाननी झालेली आहे. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी हे व्यवसायाने गणिती. त्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून 1948 साली भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सगळ्या परंपरांत सापडणारे श्लोक एका गटात, काहींतच सापडणारे दुसऱ्यात आणि तुरळक आढळणारे तिसऱ्यात, अशी त्यांनी विभागणी केली. खात्रीचे, संशयाचे आणि मागून आलेले हे तीन कप्पे गावच्या फळ्याच्या वहीलाही पुरतात.

आता पुस्तकांकडे येऊ. वाचनालयाच्या एका खणात चार ग्रंथ असले तरी वर्षभराचे बहुतेक काम भागते : दासबोध, मनाच्या श्लोकांसह; ज्ञानेश्वरी; तुकोबांची गाथा; आणि बाकीच्या संतांसाठी सकलसंतगाथा. यात दासबोध सर्वांत सोपा. वीस दशक, प्रत्येकी दहा समास आणि एकूण 7751 ओव्या अशी त्याची रचना असल्यामुळे प्रत्येक ओवीला दशक, समास आणि ओवी असा तीन आकड्यांचा पत्ता मिळतो. 'दासबोध' एवढेच लिहून कुणी ओळ पाठवली तर ती परत पाठवून तीन आकडे मागावेत. सांगता आले नाहीत तर ओळ थांबवावी. रायगडकरांना दासबोध जवळचा वाटायला आणखी एक कारण आहे. ज्या शिवथरघळीत तो लिहिला गेला अशी परंपरा आहे, ती महाड तालुक्यात आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती 1930 साली शोधून काढली. रामदासी हस्तलिखिते गोळा करण्यात देवांनी आयुष्य घातले. छापील दासबोध आपण आज निर्धास्तपणे उघडतो, त्यामागे त्यांच्यासारख्यांची पायपीट आहे.

मनाच्या श्लोकांची संख्या 205, त्यामुळे तिथे नुसता क्रमांक पुरतो. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी. पण ज्ञानेश्वरीचे पाठ आणि ओवीक्रमांक आवृत्तीगणिक हलतात. शके 1212 मध्ये सांगितला गेलेला हा ग्रंथ एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केला, आणि वि. का. राजवाड्यांनी त्याहून जुनी म्हणून एक वेगळी पोथी 1909 साली छापली. म्हणून ज्ञानेश्वरीच्या ओवीखाली कोणती आवृत्ती वापरली, हे निदान वहीत तरी लिहून ठेवावे.

खरी दमछाक गाथेत होते. तुकोबांच्या नावावर साडेचार हजारांहून अधिक अभंग छापले गेले आहेत. इंदुप्रकाश छापखान्याने 1869 आणि 1873 साली दोन भागांत काढलेली गाथा आणि तिच्यावरून मुंबई सरकारने 1950 साली काढलेली प्रत, विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा, देहूची गाथा, या सगळ्यांत एकाच अभंगाचे क्रमांक निरनिराळे आहेत. 'तुकाराम गाथा, अभंग अमुक' एवढे लिहिले तर वाचणाऱ्याने घरची गाथा उघडल्यावर भलताच अभंग समोर येतो, आणि त्याला वाटते फळ्यावरचेच चुकले. यावर उपाय साधा आहे. वाचनालयाने एक आवृत्ती ठरवावी आणि वर्षभर तीच वापरावी.

दुसरी अडचण अनुक्रमणिकेची. गाथेच्या शेवटी अभंगांची वर्णानुक्रमे सूची असते, ती पहिल्या चरणावरून. लोकांच्या तोंडी असलेली ओळ मात्र बहुधा मधली असते किंवा ध्रुपदाची. भजनात ध्रुपद पुन्हा पुन्हा घोळले जाते, म्हणून तेच लक्षात राहते आणि अभंगाची सुरुवात विसरली जाते. अशा वेळी सूची चाळत बसण्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाला गाठावे. ओळ सांगितली की तो अभंग सुरुवातीपासून म्हणून दाखवतो, आणि सूचीत पाहायचा शब्द हाती लागतो. पेण-रोह्याच्या गावागावांत अशी मंडळे आहेत, आणि त्यांचे पाठांतर ही या कामातली मोठीच सोय आहे. पण त्यांच्याकडून घ्यायचा तो शोधाचा धागा. अक्षर छापील प्रतीवरूनच उतरवायचे, कारण गाताना तालासाठी शब्द वाढतात आणि गळतात.

उतरवताना जुने अनुस्वार गाळू नयेत. आपल्याला ते अनावश्यक वाटतात, पण जुन्या मराठीत तृतीया आणि सप्तमी पुष्कळदा त्या एका टिंबावरच उभी असते. छापील प्रतीत जसे आहे तसेच लिहावे आणि अवघड शब्दाचा अर्थ खाली बारीक अक्षरात द्यावा.

आता मुद्रेबद्दल. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, त्याला नाममुद्रा म्हणतात. 'तुका म्हणे' दिसले की तुकोबा, इतके सरळ आपण धरून चालतो. मुद्रा हा पुरावा आहे, पण एकट्याच्या बळावर पुरेसा नाही. 'एका जनार्दनीं' या मुद्रेत कवी एकनाथ आणि जनार्दन त्यांचे गुरू. नवख्याला जनार्दन हाच कवी वाटू शकतो. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या काळातल्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत. अठराव्या शतकात तुकाविप्र नावाचे एक कवी होऊन गेले. त्यांची मुद्रा अर्धवट ऐकली की रचना थेट देहूच्या खाती जमा होते.

वारकरी संप्रदायाला मंदिराची उपमा देणारा एक अभंग सर्वांना ठाऊक आहे. त्यात ज्ञानदेव पाया आहेत आणि तुकोबा कळस. तुकोबांचे नाव त्यात ठसठशीत येते, म्हणून तो कधीकधी तुकोबांच्या नावाने लिहिला जातो. पण स्वतःला कळस म्हणवून घेणे तुकोबांच्या वाणीत बसत नाही, आणि मुद्रा पाहिली तर ती बहिणीची आहे. परंपरेने हा अभंग संत बहिणाबाईंचा. अभंगात एखाद्या संताचे नाव येणे आणि ती त्याची मुद्रा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बहिणाबाईंचे नाव आले की आणखी एक गोंधळ समोर येतो. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. बहिणाबाई चौधरी खानदेशातल्या असोद्याच्या, 1880 ते 1951 हा त्यांचा काळ. शेतात आणि घरकामात त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तकरूपात आली. फळ्यावर या दोघी सर्रास एक होतात, आणि संसारावरच्या किंवा मनावरच्या अहिराणी-लेवा वळणाच्या ओळीखाली 'संत बहिणाबाई' असे लिहिले जाते. इथे भाषाच तपासनीस होते. सतराव्या शतकातल्या अभंगाची भाषा आणि खानदेशी बोली यांत गल्लत होऊ नये, होते ती केवळ नावामुळे. दोघींमध्ये जवळपास अडीचशे वर्षांचे अंतर आहे.

मुद्रा आणि भाषा दोन्ही फसवू शकतात, याचे सर्वांत चांगले उदाहरण मराठी चित्रपटातले आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 साली आला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते, संगीत केशवराव भोळ्यांचे होते. चित्रपटात बहुतेक अभंग खुद्द तुकोबांचे आहेत. पण बीज आणि त्यातून वाढणारा वृक्ष यांवरचे जे गीत आज घरोघरी गायले जाते, ते शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिले. शब्दांची ठेवण, चाल, पागनीसांचा आवाज, सगळे इतके एकजीव झाले की असंख्य श्रोत्यांनी ते गाथेतलेच मानले. आठवल्यांच्या कवित्वाला याहून मोठी पावती नाही. पण फळ्यावर ते लिहायचे तर खाली नाव शांताराम आठवले यांचेच हवे. यातून एक सावधपणा शिकावा : संतांची म्हणून ऐकलेली ओळ चित्रपट, नाटक किंवा रेकॉर्डवरून आठवत असेल, तर गाथेत प्रत्यक्ष सापडेपर्यंत ती संताची धरू नये. गाणे ऐकून झालेली खात्री ही तपासणी नव्हे.

शेवटचा मुद्दा बोलणाऱ्याचा. ओळ संताने लिहिली आहे, क्रमांक सापडला आहे, तरी ती संताचे मत असेलच असे नाही. एकनाथांच्या भारुडात वासुदेव बोलतो, जोशी बोलतो, सासुरवाशीण बोलते. तिच्या तोंडची सासरची तक्रार 'एकनाथ म्हणतात' म्हणून लिहिली तर भारुडाचा आध्यात्मिक अर्थ पार हरवतो. ज्ञानेश्वरीत अर्जुनाच्या शंका तितक्याच ताकदीने मांडल्या आहेत, कारण त्यांचे उत्तर पुढे यायचे आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाची लक्षणे सांगतो आणि लगेच दुसरा उत्तम लक्षणे. समासाचे नाव न पाहता मधली ओवी उचलली तर टाळायच्या गोष्टीचा उपदेश होऊन बसतो. म्हणून दासबोधाची ओवी घेताना समासाचे शीर्षक, अभंग घेताना सगळे चरण आणि ज्ञानेश्वरीची ओवी घेताना मागच्यापुढच्या निदान दहा ओव्या वाचायच्या, त्याशिवाय खडू हातात घ्यायचा नाही.

हे सगळे दर सोमवारी सकाळी करता येत नाही. म्हणून वही हवी. एका पानावर एकच ओळ : ओळ कुणी सुचवली, ग्रंथ, आवृत्ती, क्रमांक, अभंगाचा पहिला चरण, बोलणारा कोण, आणि ताडून पाहणाऱ्याची सही. लिहिणारा आणि ताडून पाहणारा एकच नसावा, कारण पाठ असलेली ओळ डोळा चुकीची असली तरी बरोबर वाचतो. पेणच्या वाचनालयाने काढलेली वही रोह्याला द्यावी आणि रोह्याची पेणला यावी. दोन्हीकडे एकच आवृत्ती असली तर निम्मे काम वाचते. वर्षाला 52 आठवडे असतात. त्यांतले काही आधीच ठरलेले आहेत : तुकाराम बीज, एकनाथ षष्ठी, दासनवमी, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, ज्ञानेश्वरांचा समाधिदिन. या ओळी दोन महिने अगोदर तपासून ठेवाव्यात, कारण नेमक्या त्याच आठवड्यांत मोबाइलवरून सर्वांत जास्त मजकूर येतो आणि घाईत त्यातलाच एखादा फळ्यावर चढतो.

पुष्कळ शोधूनही काही ओळींचा पत्ता लागत नाही. अशी ओळ चांगली असेल तर लिहायला हरकत नाही, पण तिच्या खाली 'पारंपरिक' एवढाच शब्द असावा. एखाद्या वाचकाने नंतर तिचा पत्ता आणून दिला तर पुढच्या सोमवारी ओळ पुन्हा लिहावी, या वेळी नावासह. आणि फळ्यावर गेलेले नाव चुकीचे निघाले तर दुरुस्तीही फळ्यावरच, तितक्याच मोठ्या अक्षरात करावी. तुमच्या गावात असा फळा असेल, तर या आठवड्यात त्याच्यावरची ओळ वहीत उतरवून घ्या, घरातली गाथा किंवा दासबोध उघडा आणि ती शोधा. सापडली तर क्रमांक फळा लिहिणाऱ्याला नेऊन द्या. नाही सापडली, तरी तेही त्याला सांगा.